कपाळपाटीवरचा उचललेला पाय

“मास्तर, ह्या बठ्ठा कागदमा चैत्रामनं नाव कोठे शे?”

“आहे की. तिसऱ्या पानावर.”

“दखाड माले.”

हिलाल मास्तरांनी तिसरं पान वर काढलं आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ होती, ‘तसेच माझे इतर सर्व सहकारी.’

“हाऊ चैत्राम शे?”

“इतरांत तो आला ना, मिस्तरी.”

“इतरमा तं मनी बकरीबी येई,” कौतिक म्हणाला आणि परत रंधा मारायला लागला.

हे बोलणं झालं साक्रीला, कौतिक मिस्तरीच्या सुतारकीच्या छपरात, सन छत्तीसच्या माघ महिन्यात. कौतिक सुतार बैलगाडीची चाकं करायचा, आणि पंधरा वर्षं गावच्या आट्यापाट्यांच्या संघाचा कप्तान होता. आता गुडघा गेला होता. धावताना तो गुडघा असा करकरायचा, की पुढच्या पाटीवरच्या गड्याला मागे न बघता कळायचं, मिस्तरी आला. म्हणून त्यानं कप्तानी सोडायचं ठरवलं. आमच्याकडे कप्तान जाताना जेवण असतं आणि जेवणाआधी जाणाऱ्या कप्तानानं बोलायचं असतं. ते बोलणं मास्तर लिहून देत होते.

हे हिलाल मास्तर मूळचे शेवाळीकडच्या खेड्यातले. आईनं यांना अहिराणीतच अंगाई गायली, अहिराणीतच मारलं. पुढे ते धुळ्याला दोन वर्षं ट्रेनिंगला राहिले आणि परत आले तेव्हा ‘शे’ म्हणायचं विसरले होते. दोन वर्षांत माणूस आईची बोली विसरतो, हे काही खरं नाही. पण मास्तरांना ते जमलं होतं. त्यांनी लिहिलेल्या भाषणाची सुरुवात होती, ‘सन्माननीय अध्यक्षमहाराज, आदरणीय मामलेदारसाहेब, उपस्थित सज्जनहो.’ त्यानंतर पानभर ‘माझ्यासारख्या यःकश्चित पामराला’ होतं. कौतिकला पामर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मास्तरांनी सांगितल्यावर तो म्हणाला, तसं असेल तर मला नको, शेठला लावा.

शेठ म्हणजे लीलाधर शेठ, लाकडाच्या वखारीचे मालक. संघ आधी नुसता ‘साक्रीना पोरे’ म्हणून ओळखला जायचा. शेठ अध्यक्ष झाले आणि त्याचा ‘साक्री युनियन क्लब’ झाला. कापडी फलक आला, त्यावर शेठचं नाव क्लबच्या नावापेक्षा मोठं. गड्यांना निळ्या बंड्या आल्या. शेठना आट्यापाट्यांतलं काय कळायचं, तर सामना कधी संपतो एवढं, कारण त्यानंतर हार असायचा.

तरी खेळ कसा असतो ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मैदानावर आडव्या आठ रेघा मारतात, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर राखणाऱ्या संघाचा एकेक गडी उभा राहतो. पहिली ती कपाळपाटी. सगळ्या पाट्यांना मधोमध कापत एक उभी रेघ जाते, तिच्यावर धावणारा तो सूर. समोरच्या संघाचे गडी कपाळपाटीतून आत शिरतात, सगळ्या पाट्या चुकवत शेवटापर्यंत जातात आणि तसेच परत येतात. कोणी परत कपाळपाटी ओलांडून बाहेर पडला की त्याचं लोण झालं. राखणाऱ्यानं हात लावला तर आत आलेला बाद. पण हात लावताना राखणाऱ्याचा पाय आपल्या रेघेवर पाहिजे. पाय उचलला असेल तर हात लावला काय आणि वारा लागला काय, सारखंच. सूर तेवढा सगळीकडे. उभ्या रेघेवरूनही धावतो, कपाळपाटीवरूनही धावतो. संघाचा जीव त्याच्यात असतो.

आमचा सूर होता चैत्राम. डोंगराकडच्या पाड्यावरचा भील, चार कोस चालत यायचा, खेळायचा, चार कोस चालत जायचा. आठ तास लाकूड तोडून आलेला माणूस रेघेवरून असा पळायचा, की धूळ त्याच्या मागून उठायची आणि तो पुढच्या पाटीवर पोचलेला असायचा. अशा माणसाला मास्तरांनी ‘इतर’मध्ये घातलं होतं.

आता आमच्या संघाची रीत. ती घातली अभिमन नानानं, संघाच्या पहिल्या कप्तानानं. नाना सत्तरीचा, तोंडात दात चार, पण शब्द पक्का. रीत अशी की संघात कप्तान हात वर करून निवडायचा नाही. जाणारा कप्तान जेवणाआधी पंगतीत उभा राहतो आणि आपल्या आठही गड्यांची नावं घेऊन आभार मानतो. नुसतं नाव घ्यायचं नाही. ज्याचं नाव घेतलं, त्यानं केलेलं एक काम सांगायचं, खेळातलं, सगळ्यांनी बघितलेलं. काम न सांगता घेतलेलं नाव धरत नाहीत. आणि ज्याचं नाव सर्वांत शेवटी, त्याचं काम सर्वांत मोठं सांगायचं. तो पुढचा कप्तान. मग बाकीचे गडी उभे राहतात. सगळे उभे राहिले म्हणजे मान्य. एक जरी बसून राहिला तरी ते नाव गेलं. मान्य झालं की नव्या कप्तानानं जुन्याच्या पाटावर बसायचं, तुपाची पहिली धार त्याच्या बट्टीवर पडायची आणि जुन्यानं त्याच्या शेजारी बसून जेवायचं.

असं साधं. पण ज्या दिवशी कौतिकनं कप्तानी सोडतो म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाधर शेठ स्वतः छपरात आले. सुतारकीच्या भुशात पाय ठेवताना त्यांनी धोतर असं उचललं, जणू नदी उतरताहेत.

शेठचं म्हणणं असं की शेवटचं नाव जीवरामचं असावं. जीवराम म्हणजे त्यांचा मुलगा. तीन वर्षांपासून संघात होता, कारण फलक शेठचा होता. खेळायचा शेवटच्या पाटीवर, जिथे गडी कमी येतात, आणि तिथेही तो मिशी सावरताना गडी निघून जायचे. शेठ हेही म्हणाले की वखारीतला चांगला साग आजवर आधी मिस्तरीकडे येतो, दारांच्या चौकटींना, तो तसाच येत राहील. न येण्याचं त्यांनी काही म्हटलं नाही. मोठी माणसं तेवढं समोरच्यावर सोडतात.

कौतिकनं मान हलवली आणि बायकोला सांगितलं, काय करू, शेठपुढे माझं काय चालतं.

हे खोटं होतं, आणि सुंदरबाईला ते माहीत होतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “शेठनं नाव पुढे करू नका. तुमलेच ते बरं वाटी ऱ्हायनं.”

बरं का वाटत होतं, त्याला नऊ वर्षं मागं जावं लागतं.

नऊ वर्षांपूर्वी पिंपळनेरच्या संघाशी सामना झाला. शेवटचा डाव. पिंपळनेरचा एक गडी सगळ्या पाट्या चुकवून गेला होता आणि परत येत होता. एकच पाटी उरली, कपाळपाटी, आणि तिच्यावर कौतिक. तो गडी बाहेर पडला तर लोण आणि सामना गेला. गडी एकदा डावीकडे झुकला, एकदा उजवीकडे, आणि कौतिक फसला. फसला तो असा की त्यानं पाय उचलला आणि मग हात टाकला. हात गड्याच्या पाठीला लागला, पण पाय रेघेपासून वीतभर पुढे होता. त्याच घडीला मागून सूर पोचला. चैत्रामनं उभ्या रेघेवर पाय रोवून त्याच गड्याच्या खांद्याला हात लावला. गडी बाद, सामना जिंकला. पण मागून उठलेल्या धुळीत पंचानं बघितला तो कौतिकचा हात. पंच म्हणाला, “मिस्तरीनं टिपला.” पिंपळनेरच्या पाटलानं लाल फेटा मागवला आणि गडी टिपणाऱ्याच्या डोक्याला बांधला.

सामना तसाही जिंकलाच होता. फेटा कुणाच्या डोक्याला बांधतात यानं निकाल बदलत नव्हता. कौतिकनं एवढं म्हटलं असतं की माझा पाय उचललेला होता, तर काही बिघडलं नसतं. तो म्हणाला नाही. पहिल्या दिवशी नाही म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी म्हणता आलं नाही. मग लग्नांत तो फेटा बांधून जायला लागला. लोक विचारायचे, मिस्तरी, तो पिंपळनेरचा गडी कसा टिपला ते सांगा. हा सांगायचा. दर वर्षी सांगण्यात थोडी भर पडायची. अलीकडे तर तो गडी साडेसहा फूट उंच झाला होता.

चैत्राम हे सगळं ऐकायचा, दूर बसून बिडी ओढायचा आणि काही बोलायचा नाही. त्याच्या न बोलण्याचा अर्थ कौतिकनं स्वतःच्या सोयीनं लावला होता, की त्याला कळलंच नसेल.

आता रीतीप्रमाणे शेवटच्या नावाला सर्वांत मोठं काम सांगायचं. शेवटी चैत्रामचं नाव घेतलं तर त्याचं सर्वांत मोठं काम कोणतं? ते एकच होतं, आणि ते कौतिकच्या डोक्यावर लाल फेटा होऊन बसलं होतं. चैत्राम मध्येच कुठेतरी, पाचवा सहावा घेतला, तर एखाद्या साध्या कामावर भागतं. म्हणून शेठचा हट्ट मिस्तरीला गोड लागला. वर शेठची सक्ती आहे असं म्हणायला मोकळा. त्यानं फक्त मास्तरांकडून एवढं करून घेतलं की ‘इतर सर्व सहकारी’ खोडून तिथं आठही नावं घालावीत. चैत्राम सहावा. एवढं केलं म्हणजे आपण इमानदार, असं त्याला वाटलं.

मग आठ दिवस सकाळी तालीम चालली. मास्तरांनी त्याला कुठे थांबायचं, कुठे हात छातीवर न्यायचा, कुठे मामलेदारसाहेबांकडे वळायचं, कुठे घोटभर पाणी प्यायचं, हे सगळं दाखवलं. कागदात थांबायच्या जागी तांबड्या पेन्सिलीनं रेघा होत्या. कौतिकला वाचता यायचं ते अक्षरावर बोट ठेवून. मास्तर म्हणाले, बोट ठेवू नका, बरं दिसत नाही. त्यानं बोट उचललं की ओळ हरवायची. शेवटी तडजोड झाली, कागदाखालून अंगठा सरकवायचा. ‘कृतज्ञता’ हा शब्द तोंडातून निघेना. निघाला तेव्हा तीन निघाले. सुंदरबाई चुलीपुढे तोंडावर पदर धरून बसायची. रडत नव्हती ती.

जेवण ठरलं वखारीच्या अंगणात, दुपारी. वरण, बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजल्या, मग फोडून तुपात टाकायला ठेवल्या. खुर्च्यांवर शेठ आणि मामलेदार. खाली पंगत. मधोमध कप्तानाचा पाट. आणि अंगणाच्या खालच्या अंगाला सागाचे ओंडके रचले होते, त्यांच्या पलीकडे चैत्रामचं एकट्याचं पान मांडलं होतं. संघाच्या दर जेवणात तसंच मांडायचे. पंधरा वर्षं मैदानात त्याच्या हाताला हात लागला, अंगाला अंग घासलं, तो पडला तर खांद्यावर घेऊन आले, त्याचं कुणाला काही नाही. खेळात त्यानं हात लावला तर माणूस बाद व्हायचा, पंगतीत लावला तर अन्न. कुणी म्हणायचं नाही की हे काय आहे. चैत्रामही म्हणायचा नाही, आणि कौतिक कप्तान असून म्हणाला नव्हता.

कौतिक लाल फेटा बांधून उभा राहिला. बोलायच्या थोडं आधी मास्तरांनी त्याच्या हातात चौथं पान बदलून दिलं. म्हणाले, जीवरामभाऊंच्या कामात शेठनी थोडी सुधारणा सुचवली, मी स्वच्छ अक्षरात लिहिलंय, वाचून जा. कौतिकनं ते तसंच खाली लावलं.

पहिली दोन पानं नीट गेली. अध्यक्षमहाराज झाले, मामलेदारसाहेब झाले, यःकश्चित पामर झाला. लोक जमिनीकडे बघत होते, बट्ट्यांचा वास येत होता. मामलेदारांनी घड्याळ बघितलं. तांबड्या रेघांवर कौतिक इमानानं थांबत होता, आणि तो थांबला की लोकांना वाटायचं संपलं, मग परत सुरू व्हायचं.

तिसऱ्या पानावर नावं लागली तेव्हा पंगत जागी झाली. इथे कौतिकचा आवाज बदलला. मास्तरांचे शब्द बाजूला पडायला लागले, कारण कामं मास्तरांनी बघितलीच नव्हती, ती कौतिकलाच सांगायची होती. एकाचं सांगितलं की त्यानं बोट मोडलेलं असताना डाव संपेपर्यंत मूठ बंद ठेवून पाटी राखली. एकाचं, की त्याचा हात लागलेला नव्हता आणि पंचानं लागला म्हटलं, तेव्हा त्यानं स्वतः सांगितलं, नाही लागला. हे सांगताना कौतिक अडखळला. कागदावर रेघ नव्हती तरी थांबला. मग पाणी प्याला. असे पाच झाले. दर नावाला गडी मान खाली घालायचा आणि शेजारचा त्याला कोपरानं ढोसायचा. निरोपाच्या बोलण्यात एवढंच खरं असतं. बाकी हार-तुरे.

सहावा चैत्राम. कौतिकनं सांगितलं की निजामपूरला चैत्रामनं दोन पाट्यांमधल्या एका चौकात दोन गडी कोंडले होते. लोकांनी माना हलवल्या. अभिमन नाना नुसता बघत राहिला. चैत्राम ओंडक्यांपलीकडे द्रोणातलं पाणी बोटानं हलवत बसला होता.

सातवा झाला. मग चौथं पान. कौतिकनं अंगठा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

‘आणि सरतेशेवटी ज्यांचे नाव घेताना माझा ऊर भरून येतो, ते आपल्या क्लबचे उदयोन्मुख तारे जीवरामभाऊ.’

जीवराम उठून उभा राहिला. रीतीप्रमाणे ज्याचं नाव घेतलं त्यानं बसूनच ऐकायचं असतं, पण त्यानं नवी बंडी घातली होती आणि बसल्यावर ती दिसत नव्हती. उभा राहून तो मिशीवर हात फिरवायला लागला.

“काम?” नाना खालून म्हणाला.

कौतिकनं अंगठा पुढे सरकवला. ‘पिंपळनेरच्या अविस्मरणीय सामन्यात, ऐन मोक्याच्या क्षणी, मैदानाबाहेरून ज्यांनी मला सावधगिरीची सूचना दिली, आणि ज्यांच्या त्या सूचनेमुळेच मी तो गडी—’

इथे त्याचा अंगठा थांबला. त्यानं ओळ परत मनात वाचली. ओठ हलत होते, सगळ्यांना दिसत होतं. मास्तर हळूच म्हणाले, ‘टिपू शकलो.’ शेठनी खुर्चीतून हात हलवला, चालू दे.

आता इथे कौतिकला साक्षात्कार झाला, असं कुणी सांगेल तर ऐकू नका. त्याला राग आला. नऊ वर्षं तो एक चोरलेली वस्तू जपत होता, तिला तेल-पाणी करत होता, लग्नांत मिरवत होता, आणि हा तीन वर्षांचा मिशीवाला ती त्याच्याच हातून, त्याच्याच तोंडून उचलून नेत होता. चोराला राग येतो तसा राग आला. नऊ वर्षांपूर्वी जीवराम शाळेत होता आणि सामन्याच्या दिवशी गावातसुद्धा नव्हता, हेही त्याला आठवलं.

त्यानं कागदाची चौघडी केली आणि कमरेला खोचली.

“जीवरामभाऊ, ते काम तुनं नही,” तो म्हणाला. जीवरामचा हात मिशीवर राहिला. “आनि मनं बी नही.”

पंगतीत कुणीतरी उचललेला द्रोण परत खाली ठेवला.

“मना पाय उचलेल व्हता. कपाळपाटीवर नही व्हता पाय. वीतभर पुढे व्हता. मना हात लागना तो फुकट. तो गडी टिपा चैत्रामनं. मांगथीन येईसन, रेघवर पाय ठेवीसन टिपा. पंचले धूळमा दिसनं नही आनि मी बोलनू नही. नऊ वरीस बोलनू नही.” तो श्वास घ्यायला थांबला. “तं आते मी शेवटलं नाव लेस. चैत्राम. काम तुमले सांगं.”

शेठ खुर्चीतून अर्धे उठले होते. मामलेदार पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते, कारण भाषण त्यांना आता कुठे समजायला लागलं होतं.

सहा गडी उभे राहिले. एकामागून एक, धोतराची माती झटकत. नानानं बोटानं मोजले, आणि सातव्यावर बोट ठेवलं. सातवा जीवराम. तो आपल्याच नावाला उठला होता तो अजून उभाच होता, काय झालं ते समजून घेत. समजल्यावर तो घाईघाईनं खाली बसायला गेला.

“आते बशीसन काय फायदा,” नाना म्हणाला. “नाव लिधं तवय तू उभा व्हता. बठ्ठा उभा व्हतात. झायं.”

शेठ म्हणाले, असं कसं, तो दुसऱ्या कारणानं उभा होता. नाना म्हणाला, रीतीत कारण विचारत नाहीत, उभा की बसलेला एवढंच बघतात. शेठनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर कागद शोधत होते. ते कौतिकच्या कमरेला होते.

मग सगळ्यांनी ओंडक्यांकडे बघितलं. चैत्राम उभा राहिला होता. कौतिकला वाटलं असावं की हा आता डोळे पुसेल, किंवा शिवी देईल. त्यानं दोन्ही केलं नाही.

“मिस्तरी,” तो म्हणाला, “माले तं त्याच दिनले माहीत व्हतं.”

“मंग बोलना का नही?”

“बठ्ठासले माहीत शे. नानाले माहीत शे, ह्या सहा जनसले माहीत शे. तुमना पायना ठसा रेघना पुढे उमटेल व्हता, आम्ही बठ्ठासनी दखा. तुमलेच वाटे का कोनले माहीत नही.”

सहाही जणांनी दुसरीकडे बघितलं. एकाला हसू आवरेना, त्यानं तोंडात उपरणं घातलं. नऊ वर्षं लग्नामांडवात ही माणसं कौतिकला आग्रह करकरून सांगायला लावत होती, मिस्तरी, तो पिंपळनेरचा गडी कसा टिपला ते सांगा, आणि घरी जाऊन हसत होती. साडेसहा फूट उंची त्यानं घातली नव्हती, त्यांनी त्याच्याकडून घालून घेतली होती. कौतिकचं तोंड फेट्याच्या रंगाचं झालं. त्यानं फेटा सोडला आणि चैत्रामकडे धरला.

“नको,” चैत्राम म्हणाला. “नऊ वरीसना घाम शे त्यामा. तुमनाच राहू द्या.”

राहता राहिला पाट. नव्या कप्तानानं पाटावर बसायचं, आणि पाट पंगतीच्या मधोमध. मघाशी जे सहा जण चटकन उभे राहिले होते, त्यांना आता एकदम आपापली पानं दिसायला लागली. कप्तान म्हणून उभं राहणं वेगळं आणि शेजारी जेवायला बसणं वेगळं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नाना त्यांना सुनावू शकला असता, पण तोही आपलंच पान सरळ करायला लागला. रीत घालणाऱ्यानं ही अडचण धरलीच नव्हती.

चैत्राम म्हणाला, “मी तठे येत नही. पाट आठे पाठाडा.”

पाट उचलायला कुणी उठेना. शेवटी कौतिकच उठला. पाट काखेत मारला आणि ओंडके ओलांडायला गेला. गुडघा करकरला, तो एका ओंडक्यावर आडवा झाला, पाट पलीकडे पडला, मागून तो. कुणी धरायला आलं नाही. चैत्रामनं दंडाला धरून उभं केलं, आणि मग पाटावर बसला. रीतीप्रमाणे जुन्यानं शेजारी बसून जेवायचं, म्हणून कौतिक मातीतच बसला. वाढप्यानं तूप ओंडक्यांच्या अलीकडूनच उंच धार धरून वाढलं. अर्धं ओंडक्यावर सांडलं.

शेठ आणि मामलेदार घरात गेले. पंगतीतल्या लोकांनी जेवणं केली, भरपूर केली. बट्टीवर राग धरत नाहीत आमच्याकडे. हात धुताना दोघा-तिघांनी ठरवलं की कौतिकला काही दिवस घरी जेवायला बोलवायचं नाही, आणि एकानं ढेकर देत त्याला हो म्हटलं. जीवरामनं निळी बंडी काढून फलकाच्या काठीवर टाकली. दुसऱ्या दिवशी फलक निघाला तो त्या बंडीसकट. तेव्हापासून संघाला परत ‘साक्रीना पोरे’ म्हणायला लागले. कप्तान चैत्राम. शेवटच्या पाटीवर एक जागा रिकामी होती, ती दहा दिवसांत भरली. वखारीतला साग आधी दुसऱ्या सुताराकडे जायला लागला, तोही ठरल्यासारखाच.

सुंदरबाईनं घरी आल्यावर एवढंच विचारलं, खाली मातीत बसलात तर धोतर कोण धुणार.

“तू,” कौतिक म्हणाला.

“मी नही धुवाव. तुमना नवा कप्तानले सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छपराच्या तोंडाशी भाडणे गावचा एक शेतकरी बैल सोडून बसला होता. त्याच्या गाडीचे चार आरे निखळले होते आणि दोन दिवसांवर बाजार. त्यानं विचारलं, मिस्तरी, काल काय बोललात म्हणे तुम्ही, सारा गाव हसतोय, जरा सांगा की.

“तुले चाक पाहिजे का गोष्ट?”

“चाक.”

“मंग धर.”

शेतकऱ्यानं चाकाचा मधला तुंबा दोन्ही पायांत दाबून धरला. कौतिकनं बाभळीचा एक आरा उचलला, डोळ्यापुढे धरून सरळ आहे का बघितला, टोकाला वाकसानं थोडं तासलं, भोकात बसवला आणि मोगरीचा पहिला ठोका घातला. आरा अर्धा गेला. त्यानं गुडघा बदलला आणि दुसरा घातला.